स्वजिल्ह्यात बदलीचा अर्ज: या चुका टाळा

आस्थापना शाखेत काम करताना पती-पत्नी एकत्रीकरणाचे आणि वैद्यकीय कारणाचे अर्ज दरवर्षी माझ्या टेबलावर यायचे. कारण खरं असायचं, अडचणही खरी असायची, तरी प्रकरण परत जायचं. बहुतेक वेळा अर्जदाराने मागितलेली गोष्ट आणि त्याला हवी असलेली गोष्ट वेगवेगळी असायची.

ज्यांचा संवर्ग जिल्हास्तरीय आहे, त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात साधी ‘बदली’ होत नाही. महसूल सहायकाचंच उदाहरण घ्या. त्याची नेमणूक एका जिल्ह्याच्या आस्थापनेवर झालेली असते आणि ज्येष्ठता यादीही त्याच जिल्ह्याची असते. बदल्यांच्या 2005 च्या कायद्याने फिरवाफिरव होते ती संवर्गाच्या आत. जिल्हा ओलांडायचा तर मागावं लागतं दुसऱ्या आस्थापनेवर ‘कायमस्वरूपी समावेशन’. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आपल्या नियुक्ती आदेशातली नियुक्ती प्राधिकाऱ्याची ओळ वाचा. संवर्ग विभागीय किंवा राज्यस्तरीय असेल तर बदली मागता येते. जिल्हास्तरीय असेल तर अर्जाचा विषयच बदलतो.

नांदेडच्या आस्थापनेवर असलेल्या एका महसूल सहायक ताईंचं प्रकरण माझ्या चांगलं लक्षात आहे. पती साताऱ्यात जिल्हा परिषद शिक्षक, लहान मूल सासरी. पहिल्या अर्जाला विवाह प्रमाणपत्र, आधार आणि दोन वीजबिलं जोडली होती, आणि विषय होता ‘बदलीबाबत विनंती’. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा त्यांनी समावेशन मागितलं आणि सोबत ज्येष्ठतेवरचा हक्क सोडत असल्याचं संमतीपत्र दिलं. समावेशनानंतर नाव नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाशी जातं. त्यांची आठ वर्षांची ज्येष्ठता जाणार होती, म्हणजे पदोन्नतीही लांबणार होती. ही गोष्ट घरात बसून आधी बोलून घ्या. आदेश हातात पडल्यावर पश्चात्ताप करणारी माणसं मी पाहिली आहेत.

तरी प्रकरण अडलंच, कारण सेवापुस्तकात माहेरचं नाव होतं आणि अर्जावर सासरचं. पतीच्या दाखल्यात ‘पत्नी’ म्हणून जे नाव होतं ते सेवापुस्तकात कुठेच नव्हतं. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून सेवापुस्तकात नोंद घेतल्यावरच टिपणी पुढे सरकली. पतीचा दाखला त्यांच्या कार्यालयप्रमुखाचा लागतो. त्यात पदनाम, नियमित नियुक्ती असल्याचा उल्लेख आणि सध्याच्या ठिकाणी रुजू झाल्याची तारीख हवी. जुन्या शाळेवरचा दाखला जोडला, तर एकत्रीकरण नेमकं कुठे करायचं, हाच प्रश्न उरतो.

यानंतरची अडचण कागदांनी सुटत नाही. समावेशनासाठी तिकडे सरळसेवेचं, आणि तेही आपल्या प्रवर्गाचं, पद बिंदुनामावलीत रिकामं असावं लागतं. ताईंची निवड इतर मागास प्रवर्गातून झाली होती आणि साताऱ्यात तेव्हा तो बिंदू भरलेला होता. कार्यालयात जागा रिकाम्या दिसतात म्हणून अर्ज टाकू नका. तिथल्या आस्थापना शाखेत आपल्या प्रवर्गाची रिक्त पदं विचारा. दोन्हीकडच्या ना-हरकती लागतात, त्यामुळे हे आधी कळलेलं बरं.

वैद्यकीय कारणात चूक वेगळीच होते. लोक रिपोर्ट, एक्सरे आणि औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा जोडतात, पण प्रमाणपत्र नसतं. टिपणी लिहिणारा कारकून डॉक्टर नाही, त्याला रिपोर्ट वाचता येत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांचं किंवा वैद्यकीय मंडळाचं अलीकडचं प्रमाणपत्र घ्या. आजाराचं नाव, चालू उपचार आणि ते किती काळ लागतील, हे त्यात असावं. आईवडिलांच्या आजारासाठी मागत असाल तर ते तुमच्यावर अवलंबून असल्याची नोंदही दाखवावी लागते. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होत असेल तर ते कुठे होतं आणि त्यांना तिथे नेणारं दुसरं कोणी का नाही, हे अर्जात दोन ओळींत लिहा. ‘हाच जिल्हा का?’ याचं उत्तर बहुतेक अर्जांत सापडतच नाही.

साधी बदली मागता येत असेल तर वेळ सांभाळा. बदल्या साधारण एप्रिल-मेमध्ये होतात आणि एका पदावरचा सामान्य कालावधी तीन वर्षांचा. तो पुरा होण्याआधी हवी असेल तर कायद्याच्या कलम 4(5) चा आधार अर्जातच घ्या, कारण अशा आदेशासाठी कारणं लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ती कारणं तुमच्याच कागदांतून मिळाली पाहिजेत.

अर्ज योग्य मार्गानेच द्या. लोकप्रतिनिधींचं शिफारसपत्र जोडायचा मोह होतो, पण बाहेरचा दबाव आणणं वर्तणूक नियम, 1979 मध्ये बसत नाही आणि ते पत्र तुमच्याच फाईलला चिकटून राहतं. कार्यालयात अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. महिनाभराने तोच क्रमांक सांगून ‘प्रकरण वरिष्ठ कार्यालयाला कोणत्या जावक क्रमांकाने गेलं?’ असं विचारा. जावक क्रमांक नसेल तर अर्ज अजून तुमच्याच कार्यालयाच्या कपाटात आहे.