या चुका टाळा : पाणी उकळले, पण पावडरचे काय?

गेल्या पावसाळ्यात लालबागला धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहिले, तेव्हा तिचे बाळ सहा आठवड्यांचे होते आणि अंगावरचे दूध पुरेसे येत नसल्यामुळे डॉक्टरांनी वरचे दूध सुरू करायला सांगितले होते. घरात स्वच्छतेची कुठेही कसूर नव्हती. रात्री नऊ वाजता पाणी उकळून थर्मासमध्ये भरले जाई आणि दोन वाजता बाळ उठले की त्याच पाण्यात पावडर कालवली जाई. मधल्या काळात थर्मास चार-पाच वेळा उघडला जात असे. एका रात्री मी स्वयंपाकघरातला तापमापक त्या पाण्यात बुडवून पाहिला, तर आकडा ५८ अंशांवर थांबला. पाणी हाताला चांगलेच गरम लागत होते, तरीही ते पुरेसे गरम नव्हते.

याचे कारण पाण्यात नसून पावडरमध्ये आहे. फॉर्म्युल्याचा डबा कारखान्यातून सीलबंद येत असला, तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू क्वचित असू शकतात आणि कोरड्या पावडरमध्ये ते दीर्घकाळ तग धरतात. कोमट पाणी मिळाले की ते वाढू लागतात. दोन महिन्यांच्या आतील आणि मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना त्यांच्यापासून रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवायला सांगते. घरचे पाणी फिल्टरचे आहे, त्यामुळे उकळायची गरज नाही, हा समज येथेच चुकतो, कारण फिल्टर पाणी शुद्ध करतो, पावडर नव्हे.

उकळलेले पाणी तीस मिनिटांच्या आत वापरावे, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण तो सुमारे एक लिटर पाण्यासाठी आहे. पातळ स्टीलच्या पातेल्यात वाटीभर पाणी उघडे ठेवले, तर ते त्याच्या कितीतरी आधी निवते. पाणी थोडे असेल, तर उकळी येऊन गेल्यावर चार-पाच मिनिटांतच बाटलीत ओतावे. बहिणीकडे आम्ही रात्रीपुरती विजेची किटली घेतली आणि थर्मास बंद केला.

मापाची चूकही तिथेच सापडली. तिच्या डब्यावर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे लिहिले होते. ९० मिलिलिटरसाठी तीन चमचे आधी बाटलीत टाकून मग ९०च्या रेघेपर्यंत पाणी भरले जात होते. पावडर स्वतः जागा व्यापते, त्यामुळे पाणी कमी पडते आणि दूध दाट होते. आधी ९० मिलिलिटर पाणी मोजावे, मग डब्यातल्याच चमच्याने, सुरीच्या पाठीने सपाट केलेले तीन चमचे घालावेत. दाट दुधाने बद्धकोष्ठता आणि शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका असतो, तर घरातली मोठी माणसे 'पचायला हलके' म्हणून पातळ करतात तेव्हा बाळाचे पोषणच कमी होते.

कालवलेले दूध झाकण लावून नळाच्या गार पाण्याच्या वाडग्यात धरावे, वाडग्यातले पाणी झाकणाच्या खालीच राहील याची काळजी घ्यावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करावी. दूध दोन तासांच्या आत पाजावे, उरलेले टाकून द्यावे. काही डब्यांवर कोमट पाणी वापरायला लिहिलेले असते. अशा वेळी, विशेषतः बाळ लहान असेल, तर स्वतः निर्णय घेण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

बाटली उकळण्यातली नेहमीची चूक म्हणजे ती न धुता उकळणे. निपलच्या कडेला चिकटलेले दूध उकळल्याने घट्ट बसते. सगळे भाग सुटे करून साबण आणि ब्रशने घासावेत, पाण्यात पूर्ण बुडवावेत आणि खळखळ उकळी आल्यापासून दहा मिनिटे मोजावीत. निपलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, तर तेवढा भाग कोरडा राहतो, त्यामुळे चिमट्याने तो उलटा करून पाहावा. उकळलेली बाटली ओल्या फडक्याने पुसू नये, कारण फडक्यावरचे जंतू पुन्हा तिला लागतात. वाटी-चमचा वापरत असाल, तर तीही याच पद्धतीने उकळावी. ती घासायला बाटलीपेक्षा कितीतरी सोपी असते.

बहीण पुढे दादरला कामावर रुजू झाली, तेव्हा आईचे दूध काढून ठेवण्याचा प्रश्न आला. खोलीत दूध चार तास टिकते, हे २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला लागू आहे आणि मुंबईत मे महिन्यातच काय, ऑक्टोबरातही खोली त्याहून गरम असते. म्हणून ती कार्यालयात दूध काढताच तिथल्या फ्रिजमध्ये ठेवत असे आणि लोकलने घरी आणताना गोठवलेल्या आइस पॅकसह कूलर पिशवी वापरत असे. घरी दूध दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे, तिथे ते चार दिवस चालते. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी. वर साय जमून थर दिसला, म्हणून तिच्या सासूबाईंनी एकदा ती बाटली ओतून टाकली. तो थर म्हणजे नासणे नव्हे, बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो. गरम करण्यासाठी बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर दूध उकळू नये आणि मायक्रोवेव्हही वापरू नये, कारण त्यात दूध एकसारखे तापत नाही आणि एखादा भाग बाळाचे तोंड भाजण्याइतका गरम राहतो.