ईद-दिवाळीच्या कार्यक्रमात चार मिनिटं बोलायचं असेल तर

ऑफिसात ईद आणि दिवाळीचा एकत्र कार्यक्रम ठरला की एचआरला कुणीतरी ‘दोन शब्द’ बोलणारं हवं असतं. विषय बहुधा कृतज्ञता, आणि सूचना एकच, की सगळ्या धर्मांचं थोडं थोडं घ्या. हे काम हटकून नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं. त्यानंतर अकाउंट्समध्ये बसून इतरांची अशी बरीच भाषणं ऐकली आणि काहींची लिहूनही दिली.

आधी एक साधी गोष्ट विचारून घ्या: ईद कोणती? हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. 2006 मध्ये दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. 2025 मध्ये मात्र ईद 31 मार्चला झाली आणि दिवाळी ऑक्टोबरात. म्हणजे एकत्र कार्यक्रम हा बहुतेक वर्षी कंपनीच्या सोयीचा असतो. सहा महिन्यांपूर्वी होऊन गेलेल्या सणाच्या ‘आजच्या या पवित्र दिवशी’ म्हणून शुभेच्छा दिल्या की मागच्या रांगेत हसू फुटतं.

आता मजकूर. चार मिनिटांत माझ्या वेगाने साडेचारशे शब्द होतात. त्यात सहा धर्म कोंबले तर प्रत्येकाला एक सुविचार येतो आणि भाषण शाळेच्या फळ्यासारखं होतं. दोन-तीनच उतारे घ्या, पण एका धाग्यातले. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य तर नकोच. ते खरं नाही, आणि ज्यांना आपला धर्म नीट माहीत असतो त्यांना ते टोचतं.

मला आवडलेला धागा असा: आभार देवाचे मानायचे, पण त्याची वाट माणसांवरून जाते. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहांत पैगंबरांचं वचन आहे, की जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. रमजान ईदेच्या नमाजेआधी गरिबांसाठीचं दान, म्हणजे फित्रा, द्यायचा असतो तोही याच अंगाने. गरिबाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली पाहिजे, मग आपली ईद. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात बारावा श्लोक आहे. देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटाच भोगतो तो ‘स्तेन एव सः’, म्हणजे चोरच. इतका कडक शब्द भाषणात वापरायला लोक बिचकतात, पण ऐकणारे त्याच शब्दाला मान वर करतात.

तिसरा उतारा आपल्या ऑफिसात कोण आहे ते पाहून निवडा. आमच्याकडे बौद्ध सहकारी बरेच आहेत आणि महामंगलसुत्त त्यांच्या वंदनेतलं. त्यात ‘संतुट्ठी च कतञ्ञुता’ असं येतं. समाधान आणि केलेल्या उपकाराची जाण ही उत्तम मंगलं आहेत, असं बुद्ध सांगतात. ख्रिस्ती मंडळी असतील तर लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घ्या. दहा जण बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो, आणि तो परका शोमरोनी असतो. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? सांगायला ही सगळ्यात सोपी, कारण ती गोष्ट आहे.

खरी अडचण वेगळीच असते. कृतज्ञतेवरचं भाषण घसरतं ते साहेबी सुराकडे. ‘आपल्याला नोकरी आहे, याबद्दल आपण कृतज्ञ असलं पाहिजे’ असं वाक्य आलं की ओव्हरटाइमचे पैसे अडकलेला माणूस टाळ्यांऐवजी मोबाइल काढतो. वर सांगितलेल्या एकाही उताऱ्यात देणारा घेणाऱ्याकडून आभार वसूल करत नाही. फित्रा ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचा. गीतेतला चोर हा भोगणारा. म्हणून समोरच्यांना ‘कृतज्ञ राहा’ म्हणू नका, तुम्हीच आभार माना, आणि नाव घेऊन माना.

एका नव्या सहकाऱ्याला मी लिहून दिलेला मसुदा असा होता:

‘नमस्कार, सलाम. रमजान ईद मार्चमध्ये झाली, शिरखुर्मा आपण तेव्हाच संपवला. दिवाळी चार दिवसांवर आहे. दोन्ही सणांत खाण्याआधी एक हिशेब असतो. ईदेच्या नमाजेआधी फित्रा निघतो. गीता सांगते, मिळालेल्यातलं न देता खाणारा चोर. आणि पैगंबरांचं वचन आहे, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. आमच्या टेबलावरचे बौद्ध मित्र वंदनेत कतञ्ञुता म्हणतात, म्हणजे उपकाराची जाण. मी जूनमध्ये इथे आलो. पहिल्या पावसात गाड्या बंद पडल्या, त्या रात्री गेटवरच्या मामांनी मला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली. जीएसटीचं रिटर्न भरताना पोर्टल अडकलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ताई माझ्यासाठी आठपर्यंत थांबल्या. दोघांचेही आभार मानायचे राहिले होते. ते आज मानतो. मामा, ताई, मनापासून. ईद मुबारक, दिवाळीच्या शुभेच्छा.’

बोलायला मिनिट-दीड मिनिट पुरलं. उरलेला वेळ त्याने मोकळा ठेवला, तर आणखी दोघे-तिघे आपणहून उठले. भाकरी आणि पोर्टल या दोन गोष्टी काढल्या तर या मसुद्यात काही उरत नाही, हे लक्षात घ्या. तिथे तुमच्या घडलेल्या गोष्टी हव्यात. रचलेल्या गोष्टी लगेच कळतात, कारण ज्याच्याबद्दल बोलता तो समोरच बसलेला असतो.

आदल्या दिवशी प्रत्येक उतारा त्या त्या परंपरेतल्या सहकाऱ्याला ऐकवा. अरबी किंवा पाली मुळातून म्हणायचा हट्ट नको, मराठी अर्थ पुरतो. पैगंबरांचं नाव कसं घ्यावं हेही विचारा. मात्र ‘तुम्ही मुसलमान ना, मग सांगा’ अशा सुरात नको, मित्राला विचारता तसं विचारा. एखाद्याला आपला धर्म ऑफिसात चर्चेला नको असेल तर दुसऱ्याकडे जा.

वेळेचं एचआरशी बोलून घ्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुंबई-पुण्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि मग्रिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते. कार्यक्रम साडेपाचला सुरू करून भाषण शेवटी ठेवलं तर निम्मे श्रोते चुळबुळतात. भाषण आधी, फराळ नंतर. चकलीचा वास सुटल्यावर तुकाराम महाराज बोलले असते तरी कुणी ऐकलं नसतं.

नावांचं राहिलं. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची माणसं कंत्राटदाराची असतात, एचआरच्या यादीत ती सापडत नाहीत. गेटवरचं हजेरी रजिस्टर पाहा, पूर्ण नाव विचारा, आणि सगळ्यांसमोर नाव घेतलेलं चालेल का तेही. एकदा एका मावशींनी मला सरळ सांगितलं, नाव नका घेऊ, सुपरवायझर म्हणेल ही वरच्यांशी बोलत बसते. तिथे कँटीनच्या दारातच आभार मानले. रात्रपाळीचे लोक तर कार्यक्रमाला नसतातच, त्यांच्यासाठी फराळाचे डबे वेगळे काढायला आधीच सांगून ठेवा.