गच्चीवर पाणी तुंबू नये म्हणून ओव्हरफ्लोचं माप कसं ठरवावं

माळवदाच्या घराला पन्हाळ असायची आणि पाणी आडवंच बाहेर पडायचं. स्लॅबच्या गच्चीला चारी बाजूंनी तीन फुटी कठडा आला आणि पाण्याची सगळी वाट दोन पाइपांच्या तोंडावर येऊन ठेपली. मराठवाड्यात आठ महिने गच्चीवर धूळ, कडुनिंबाची पानं, कडब्याचा चुरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या साचतात. पहिल्याच जोरदार सरीला हे सगळं वाहत येऊन जाळीवर बसतं. त्यामुळे पाइप चालू राहील असं धरून हिशेब करू नका. तो बंद पडला तर काय होईल, ते आधी बघा.

गच्चीवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 10 किलो वजन. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला माणसं-सामानाचा 150 किलो चल भार धरून काढलेला असतो. सहा इंच पाण्यातच तो भार भरतो. पाणी कठड्याच्या माथ्यापर्यंत चढलं तर तोच आकडा 900 किलोवर जातो.

30 बाय 30 फुटांची गच्ची धरू, म्हणजे सुमारे 84 चौरस मीटर. ढाळ एकाच बाजूला, शंभराला एक. ताशी 100 मिलिमीटर पावसाला चार इंची पाइप साधारण 40 चौरस मीटर सांभाळतो, म्हणून खालच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक चार इंची पाइप द्या. तोंडाभोवती दीड बाय दीड फुटाचा भाग इंचभर खोल ठेवा आणि वर घुमटाची जाळी बसवा. सपाट जाळी एका पिशवीने बंद होते.

खरी चूक होते ती ओव्हरफ्लोत, म्हणजे पाइप तुंबल्यावर पाणी बाहेर पडायला कठड्यात ठेवलेल्या वाटेत. बहुतेक ठिकाणी कठड्यात दोन इंची पाइपाचा तुकडा घालून काम उरकतात. हे अजिबात मान्य करू नका. सर जोरात असताना ताशी 150 मिलिमीटरचा वेग धरला, तर या गच्चीवर सेकंदाला साडेतीन लिटर पाणी पडतं. एका दोन इंची तुकड्यातून तेवढं बाहेर काढायला त्यावर जवळपास दीड फूट पाणी चढावं लागतं. याउलट आठ इंच रुंद चौकोनी खिडकीतून तेच पाणी उंबऱ्यावर दोन इंचांपेक्षाही कमी चढून निघून जातं. म्हणून खिडकी आठ इंच रुंद आणि चार इंच उंच ठेवा. वीटकाम करतानाच दहा बाय सहाची मोकळी जागा सोडा, गिलाव्यात ती आकसते. अशा दोन खिडक्या करा, म्हणजे एक बुजली तरी दुसरी एकटी पुरते.

आता उंबऱ्याची उंची. तो पाइपाजवळच्या तयार कोब्यापेक्षा दोन इंच वर असावा. मग दोन्ही पाइप बंद असले तरी त्या कोब्यावर चार इंच पाणी राहतं, म्हणजे चौरस मीटरला 100 किलो. दोन इंच कुठून मोजता, यावर सगळं अवलंबून आहे. मिस्त्री खिडकी जिथे करतो तिथल्याच जमिनीपासून मोजतो. या गच्चीच्या वरच्या बाजूची जमीन खालच्यापेक्षा साडेतीन इंचांहून जास्त उंच आहे. खिडकी तिकडे गेली की पाइपापाशी साडेसात इंच पाणी उभं राहील. म्हणून खिडक्या खालच्याच भिंतीत, पाइपापासून दोन-तीन फुटांवर घ्या आणि उंबऱ्याची पातळी लेव्हल नळीने पाइपाजवळच्या कोब्यावरूनच आणा. उघड्या स्लॅबवरून माप घेतलं तर कोबा पडल्यावर खिडकी अर्धी बुजते. पुढे कधी फरशी किंवा वॉटरप्रूफिंगचा नवा थर टाकलात तर हे माप पुन्हा तपासा.

उंबऱ्याला शहाबादी फरशीची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा आणि ती भिंतीच्या सहा इंच पुढे काढा, नाहीतर भिंत पाझरेल. ओव्हरफ्लो खालच्या पाइपाला कधीही जोडू नका. तो पाइपच तुंबला असेल, तर ओव्हरफ्लोही तुंबतो. पाणी अंगणात सगळ्यांना दिसेल असं पडू द्या. तिथून पाणी पडताना दिसलं की जाळी बंद आहे हे कळतं.

जिन्याच्या दाराचा उंबरा पाइपाजवळच्या कोब्यापेक्षा सहा इंच तरी वर हवा.

पावसाळ्याआधी दोन्ही पाइपांची तोंडं कापडी बोळ्याने बंद करून पाणी सोडा. ढाळ बरोबर असेल तर हजार-बाराशे लिटरमध्ये दोन्ही खिडक्यांतून एकदमच धार लागते. एकीतून आधी लागली तर दुसरीचा उंबरा वर आहे, तो तासून घ्या. दीड हजार लिटर सोडूनही धार आली नाही, तर दोन्ही उंबरे उंच झाले आहेत. चाचणी झाल्यावर बोळे लगेच काढा.