उलट्या विधानांचा वेगळा फॅक्टर आला? नाव देण्याआधी या चुका टाळा

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस-तूर शेतकऱ्यांचा पीक विम्याविषयीचा दृष्टिकोन मोजायला तुम्ही १२ विधानं लिहिलीत. आठ सरळ, चार उलटी, प्रत्येकाला पाच पर्याय, आणि १६० शेतकरी. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असं टेबल बऱ्याच प्रबंधांत दिसतं. उत्तरांचं फॅक्टर विश्लेषण केलंत, तर पहिल्या फॅक्टरवर आठही सरळ विधानं, लोडिंग ०.५५ ते ०.७२. दुसऱ्यावर चारही उलटी, ०.४८ ते ०.६६. दोन्हीकडे लोड होणारं विधान एकही नाही. टेबल इतकं स्वच्छ की नावं लगेच सुचतात: ‘विम्यावरचा विश्वास’ आणि ‘विम्याविषयीची अढी’.

ही नावं इतक्यात देऊ नका. विधानं आशयावरून नव्हे, तर वाक्याच्या दिशेवरून वेगळी झालेली असतील, तर दुसरा फॅक्टर शेतकऱ्याच्या मनातला नसून तुमच्या वाक्यरचनेचा असू शकतो.

इथे विद्यार्थी हमखास म्हणतात, ‘पण आम्ही उलट्या विधानांचे गुण फिरवले होते.’ गुण फिरवल्याने (५ चा १, ४ चा २) फक्त चिन्ह बदलतं. सहसंबंधाचा आकार तोच राहतो, त्यामुळे फॅक्टरची संख्याही तीच राहते. बेरीज करण्यासाठी गुण फिरवावेच लागतात, पण या दुखण्यावर तो इलाज नाही.

दुखणं सुरू होतं ओसरीवर. तपासनीस वाचतो: ‘विमा काढून काही फायदा होत नाही असं तुम्हाला वाटतं का?’ शेतकरी म्हणतो, ‘हव जी.’ हा होकार ‘फायदा होत नाही’ याला आहे, की समोरच्याचा मान राखायला? फॉर्मवर मात्र ‘सहमत’ची खूण होते. असे होकार फार लागतही नाहीत. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी १९८५ मध्ये दाखवलं की साधारण १० टक्के लोकांनी उलटेपणाकडे लक्ष न देता उत्तरं दिली तरी उलट्या विधानांचा ठळक फॅक्टर उभा राहतो.

म्हणून लोडिंगच्या टेबलाआधी गुण न फिरवलेल्या मूळ ओळी बघा. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन विधानांची जोडी घ्या, जसं ‘पुढच्या खरिपातही मी विमा काढावा’ आणि ‘पुढच्या खरिपात विमा काढण्यात अर्थ नाही’. दोन्हींना ४ किंवा ५ देणारे किती, ते मोजा. आपल्या उदाहरणात २६ निघाले असं धरू. ते एकाच तपासनीसाच्या फॉर्मांत जास्त आहेत का, हेही बघा. मग त्यांना वगळून, `d` मध्ये गुण फिरवलेली उरलेली उत्तरं ठेवून तेच विश्लेषण R मध्ये पुन्हा चालवा:

```
library(psych)
f <- fa(d, nfactors = 2, fm = "minres",
        rotate = "oblimin", cor = "poly")
print(f$loadings, cutoff = 0)
f$Phi
```

`cutoff = 0` मुद्दाम ठेवलं आहे, कारण लहान लोडिंग लपवली की विधानं कुठे सरकू लागली आहेत ते दिसत नाही. `Phi` म्हणजे फॅक्टरमधला सहसंबंध. गुण फिरवलेल्या डेटावर तो आधी ०.१८ होता आणि २६ जण वगळल्यावर ०.६१ झाला, तर दुसऱ्या फॅक्टरचा बराचसा भाग त्या होकारांनी बनला होता, असा संशय बळावतो. फक्त संशयच म्हणा. विरोधी उत्तरं देणारे काढले की सहसंबंध थोडा आपोआपच वाढतो. म्हणून प्रबंधात दोन्ही टेबलं द्या, आणि वगळण्यासाठी वापरलेली जोडी बाजूला ठेवून उरलेल्या दहा विधानांवरही हीच वाढ दिसते का, ते तपासा.

आता उलट बाजूची चूक, आणि मला ती जास्त गंभीर वाटते: दुसरा फॅक्टर खरा असताना त्याला कचरा समजणं. ‘विमा असायला हवा’ आणि ‘नुकसान झालं तरी भरपाई मिळेलच असं नाही’ ही दोन्ही एकाच शेतकऱ्याची प्रामाणिक मतं असू शकतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनातली घट प्रामुख्याने ठरलेल्या क्षेत्राच्या सरासरीवरून मोजली जाते. आपली पऱ्हाटी गेली, पण मंडळाची सरासरी टिकली, तर हात रिकामेच राहतात. अशा माणसाला ‘विसंगत’ म्हणून वगळलंत, तर तुम्ही त्याचा अनुभवच डेटातून पुसलात. वर जोडी निवडताना खरोखर छेद देणारी घ्या म्हटलं, ते यासाठीच.

दोन्हींतला फरक उरलेल्या डेटावरून खात्रीने ठरत नाही. त्यासाठी विधानंच नव्याने लिहावी लागतात. भरपाईविषयी तीन-चार सरळ आणि तीन-चार उलटी, विम्याच्या गरजेविषयीही तशीच. उलट्या विधानांत ‘नाही’ टाळा: ‘फायदा होत नाही’ऐवजी ‘हप्त्याचा पैसा वाया जातो’. मग नव्या शेतकऱ्यांकडून उत्तरं घ्या. भरपाईची सरळ-उलटी विधानं एका फॅक्टरवर आणि गरजेची दुसऱ्यावर आली, तर फॅक्टर आशयाचे आहेत आणि नावं देता येतील. पुन्हा सगळी सरळ एकीकडे आणि उलटी दुसरीकडे गेली, तर ‘अढी’ हे नाव प्रबंधातून काढा.