कुर्त्यावरचं जाकीट छातीत आवळत होतं, ते असं सैल केलं

भावाच्या लग्नासाठी रेडीमेड नेहरू जाकीट आणलं, लेबलवर ४०, माझी छातीही ४०, पण कुर्त्यावर घालून बटणं लावली की मधल्या बटणापासून दोन्हीकडे तिरप्या चुण्या पडायच्या. म्हणजे छातीत जागाच नाही. लेबल सोडा, टेप घ्या. जाकीट बटणं लावून सपाट पसरलं आणि काखेपासून काखेपर्यंत मोजलं तर साडेवीस, म्हणजे पूर्ण घेर ४१. आणि तोच कुर्ता अंगात असताना माझी छाती भरली साडेचाळीस. अर्धा इंच सैली, श्वास घेतला की संपली! कुर्त्यावरच्या मापापेक्षा निदान अडीच-तीन इंच जास्त हवेत, कुर्ता जाड खादीचा असेल तर तीनच धरा.

मग अस्तर उसवून आत बघितलं, दोन्ही बाजूंच्या शिलाईत पाऊण-एक इंच कापड दाबलेलं होतं (हे नसेल तर विषय संपला, जाकीट बदला). टेलरकाकांनी प्रत्येक कडेला अर्धा इंच सोडला, कडा चार, म्हणून एकूण दोन इंच मिळाले, घेर ४३. अस्तरही तेवढंच सोडावं लागतं, नाहीतर आतून ओढ बसतेच. मुंढा थोडा खाली उतरवला, कारण कुर्त्याची बाही तिथे गोळा होत होती. जुन्या शिलाईची रेघ वाफेच्या इस्त्रीने बरीचशी गेली, सिल्कवर मात्र टोचे दिसतात.

लांबी वाढवता येत नाही, खाली दुमड जेमतेम असते. मानेमागे कॉलरच्या शिलाईपासून नितंब जेमतेम झाकेपर्यंत ठेवा, माझ्या ५ फूट ८ ला २८ इंच बसली. खुर्चीत बसून बघा, पुढचा भाग मांडीवर टेकून वर गळ्याशी ढकलला जात असेल तर इंचभर कमी करा.