मूल चावतं तेव्हा: आधी कारण शोधा, मग उपाय

दीड-दोन वर्षांचं मूल खेळताना दुसऱ्याला चावलं की सल्ले ठरलेले: तूही त्याला चावून दाखव, नाहीतर ओठांना मिरची लाव. दोन्ही सोडा. मोठी माणसंही चावतात, एवढंच मूल त्यातून शिकतं.

ज्याला चावलं त्याला आधी जवळ घ्या. जखम साबण-पाण्याने धुवा आणि कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा. चावणाऱ्याला एकच वाक्य, शांत पण ठाम आवाजात: "चावायचं नाही, तिला दुखलं." "सॉरी म्हण" हा आग्रह या वयात वाया जातो.

खरं अवघड काम पुढे आहे: कारण शोधणं. माझ्या पाळणाघरात मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच. चाव्यामागचं कारण दर मुलाचं वेगळं असतं, आणि ते चाव्याच्या लगेच आधी दिसतं. म्हणून वही ठेवा: वेळ, जागा, शेजारी कोण, नेमकं आधी काय झालं. "रागीट आहे" असं वहीत लिहू नका, ते निरीक्षण नाही.

वीस महिन्यांच्या एका मुलाचं उदाहरण घ्या. सगळ्यांच्या मते तो मारकुटा. वहीत मात्र जवळजवळ सगळे चावे जेवणाच्या आधीच्या तासातले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मागून येऊन त्याच्या हातातली गाडी ओढलेली. त्याला मोजके शब्द येत होते, त्यात "नको" नव्हतं. हवं-नको कळण्याची समज आली होती, ते सांगायला भाषा नव्हती आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा. उरलं तोंड.

आम्ही त्याचं जेवण अर्धा तास अलीकडे आणलं, तशीच दुसरी गाडी ठेवली, आणि खेळताना एक मावशी त्याच्या हाताच्या अंतरावर बसू लागली. चावण्याआधी तो क्षणभर थिजायचा. त्याच क्षणी दोघांच्या मध्ये तळवा घालून त्याला हात आडवा करायला लावायचं आणि म्हणायचं, "नको!" चावून झाल्यावर हा शब्द शिकवून उपयोग नसतो. काही आठवड्यांनी तो चावण्याऐवजी "नको" असं किंचाळू लागला. या किंचाळण्यावर रागावू नका, हीच प्रगती आहे.

सगळ्या मुलांना हा उपाय लागू नाही. लाळ गळत असेल, मूल सदऱ्याची बाहीही चघळत असेल, तर बहुधा दाढा येताहेत. थंड ओला रुमाल चावायला द्या. काही मुलं तर आनंदाने मिठी मारता मारताच गालाला चावतात. त्यांना टाळी द्यायला शिकवा.

मूल तीस महिन्यांचं झालं की चावे हळूहळू विरतात. तीन वर्षांनंतरही वारंवार चावत असेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणीही करून घ्या.