पगडी डोक्यावर ‘ठेवलेली’ दिसते? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात साठीशांत, पंच्याहत्तरी आली की माझ्याकडे फोटोशॉपची फर्माईश ठरलेली: “आमच्या काकांना चिलखत-पगडीत सरदार करून द्या.” सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक सेल्फी. पहिली चूक इथेच होते.

परवा एका पुतण्यानं असाच फोटो पाठवला. फोन काकांच्या कपाळाच्या वर धरलेला, डोक्यावर ट्यूबलाइट. माझ्याकडच्या फोटोतली शिंदेशाही पगडी काचेच्या उंच कपाटातली, म्हणजे खालून टिपलेली. फोटोशॉपमध्ये बसवली, मोजमाप जुळलं, तरी ती नाटकातल्या भाड्याच्या टोपीसारखीच दिसत होती! तासभर रंग बदलत बसलो. दोष रंगात नव्हताच.

पगडीची कपाळावरची कड बघा. कॅमेरा वरून असेल तर ती मध्यभागी खाली झुकते, खालून असेल तर वर कमान धरते. चेहरा वरून आणि पगडी खालून पाहिलेली, हे डोळ्याला लगेच खटकतं. Warp वापरून कड वाकवता येते, पण खालून घेतलेल्या फोटोत पगडीचा माथाच नाही, तो कुठून आणणार? म्हणून पुतण्याला सांगितलं, काकांना खिडकीशेजारी बसवा, दोन मीटर मागे जा, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि झूम थोडा वाढवा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात; असं डोकं दुरून घेतलेल्या चिलखतावर कधीच बसत नाही. पगडीचाही फोटो त्याच उंचीवरून पुन्हा घेतला.

नव्या फोटोत कड जवळपास सरळ आली. मग ती केसांच्या रेषेवर न ठेवता भुवयांच्या दोन बोटं वर आणली आणि कानावरचे केस पुसले. कडेखाली Multiply वर तपकिरी सावली दिली, चिकटून बारीक गडद आणि खाली विरत जाणारी. काळा रंग घेतलात तर कपाळावर काजळ फासल्यासारखं दिसतं.

आता प्रकाश. काकांच्या चेहऱ्यावर तो डावीकडून, चिलखतावर उजवीकडून. चिलखत आडवं उलटवायचा मोह होतो. मीही एकदा केलं होतं. तलवार उजव्या कमरेला गेली, अंगरख्याचे बंद दुसऱ्या बाजूला आले. चेहरा उलटवला तर गालावरचा तीळ बाजू बदलतो, आणि काकू पहिल्यांदा तोच बघतात. खिडकी दुसऱ्या बाजूला येईल असं काकांना बसवून आणखी एक फोटो घेतला.

शेवटी 100 टक्के झूम करून बघा. चिलखताच्या कड्या खरखरीत आणि चेहरा मोबाइलनं गुळगुळीत केलेला असेल, तर चेहऱ्यावर थोडा Noise टाका. काकांच्या फोटोला तेवढं लागलंच.